लेव्हलिंग मोजतं, पण लागू होत नाही: फर्मवेअर अपडेटनंतर सपोर्टला पाठवलेल्या मेलचं प्रकरण

## पार्श्वभूमी

वास्तुरचनेची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या एका कार्यालयातला हा थ्रीडी प्रिंटर. २२० × २२० मिमीचा बेड, ०.४ मिमीचं नोझल, नोझलशेजारी खाली-वर होणारी पिन असलेला प्रोब, आणि मेनबोर्डवर मार्लिन फर्मवेअरची उत्पादकाने आपल्या मशीनसाठी तयार केलेली आवृत्ती. प्रिंटर सांभाळणाऱ्या ऑपरेटरखेरीज आणखी काही जण आपापल्या संगणकावर फाइल स्लाइस करून कार्डवरून प्रिंट लावत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

ऑटो लेव्हलिंग म्हणताना आपण दोन वेगळी कामं एकाच नावाखाली मोजतो. पहिलं काम मोजणीचं: प्रोब बेडवर ठरावीक बिंदूंना टेकतो आणि प्रत्येक बिंदूची उंची नोंदवतो, या नोंदींच्या जाळीला मेश म्हणतात. दुसरं काम ती मेश वापरण्याचं: नोझल बेडवरून फिरत असताना फर्मवेअर झेड अक्षाचा स्क्रू किंचित वर-खाली फिरवत राहतो, म्हणजे वाकड्या बेडवरही पहिला थर सारख्या जाडीचा पडतो. मोजणी स्क्रीनवर दिसते, ऐकू येते. वापर मात्र दिसत नाही, कारण स्क्रीनवरचा झेडचा आकडा तोच राहतो. या प्रकरणात बिघडलेलं काम दुसरं होतं आणि सगळ्यांचं लक्ष पहिल्यावर होतं.

## अपडेटनंतर काय दिसलं

अपडेट टाकल्यावरचा पहिलाच प्रिंट हवेत सुरू झाला; नोझल बेडपासून दोनेक मिमी वर. यात गूढ काही नव्हतं. नव्या फर्मवेअरमध्ये सेटिंग साठवणाऱ्या ईईप्रॉम मेमरीची मांडणी बदललेली असली, की जुन्या नोंदी वाचता येत नाहीत आणि बोर्ड मूळ सेटिंग उचलतो. प्रोबचा झेड ऑफसेट −२.३५ वरून ० झाला होता. प्रोब नोझलच्या २.३५ मिमी खाली टेकतो, हेच प्रिंटर विसरला होता. एक्स्ट्रूडरचे कॅलिब्रेट केलेले स्टेप्सही मूळ आकड्यावर गेले होते, पण ते लक्षात यायला वेळ लागला.

ऑपरेटरनी मेनूतून फॅक्टरी रीसेट केलं, कागद सरकवून ऑफसेट पुन्हा −२.३५ केला, सेव्ह केला आणि मेनूतून ऑटो लेव्हलिंग चालवलं. प्रोब सगळ्या बिंदूंवर टेकला, काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. तरी पुढच्या प्रिंटमध्ये समोरचा डावा कोपरा इतका दाबला गेला, की प्लास्टिक जवळजवळ पारदर्शक दिसत होतं. मागच्या उजव्या कोपऱ्यात धागे सुटे पडून नोझलबरोबर ओढले जात होते. मध्यभागी थर व्यवस्थित. लेव्हलिंग पुन्हा चालवून पाहिलं, तरी चित्र तेच.

म्हणजे एका अपडेटमुळे दोन दोष आले होते. पहिला ऑपरेटरनी निस्तरला होता. पण दोन्ही एकाच दिवशी दिसल्याने मेल लिहिताना ते एकमेकांत मिसळले.

## पहिला मेल आणि त्याचं उत्तर

सपोर्टला गेलेला पहिला मेल असा होता:

> विषय: अपडेटनंतर प्रिंटर बिघडला
>
> नमस्कार, नवीन अपडेट टाकल्यापासून ऑटो लेव्हलिंग काम करत नाही. बेड साफ केला, स्क्रू घट्ट केले, रीसेट केलं, ऑफसेट बदलला, लेव्हलिंग बऱ्याचदा चालवलं, जुना फर्मवेअर टाकूनही पाहिला. कशाचाच उपयोग झाला नाही. प्रिंटर रोजच्या कामाचा आहे. कृपया लवकर मार्ग सुचवा.

मेल सभ्य आहे, जाणूनबुजून लिहिलेलं खोटं काही नाही, आणि केलेल्या गोष्टींची यादीही आहे. तरीही त्याने सपोर्टची दिशाभूल केली. सपोर्टने त्यातलं एकच वाक्य धरलं, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच धरलं असतं: जुना फर्मवेअर टाकूनही दोष राहतो. फर्मवेअर बदलूनही दोष हलत नसेल, तर तो फर्मवेअरमध्ये नाही, हा तर्क बिनचूक आहे. म्हणून उत्तर आलं, की प्रोब किंवा त्याची वायर खराब असावी. वॉरंटीत प्रोब बदलून देऊ, सोबतचा फॉर्म भरून पाठवा.

फॉर्ममध्ये मशीनचा क्रमांक आणि सध्याची फर्मवेअर आवृत्ती विचारली होती. आवृत्ती अचूक लिहावी म्हणून ऑपरेटरनी प्रिंटर यूएसबीने संगणकाला जोडला, टर्मिनल ११५२०० बॉडवर उघडलं आणि `M115` ही आज्ञा दिली. उत्तरात नव्या फर्मवेअरचा आकडा आला. जुना फर्मवेअर बोर्डवर गेलाच नव्हता.

कारण साधं होतं. उत्पादकाच्या दोन्ही आवृत्त्या `firmware.bin` याच नावाने मिळत. काही बोर्डांचा बूटलोडर मागच्या वेळी टाकलेल्या फाइलचं नाव लक्षात ठेवतो आणि त्याच नावाची फाइल पुन्हा दिसली तर ती मुकाट्याने सोडून देतो. ना एरर, ना बीप. कार्ड घातलं, प्रिंटर सुरू केला, नेहमीची स्क्रीन आली. माणसाला वाटतं, झालं काम. खरोखर फ्लॅश होताना मात्र स्क्रीन काही सेकंद कोरी किंवा थिजलेली राहते. सुरुवात अगदी नेहमीसारखी झाली, तर शंका घ्यायची ती तिथेच. स्क्रीनवरच्या माहितीच्या पानावरही विसंबू नये. बऱ्याच प्रिंटरांत स्क्रीनचं फर्मवेअर मेनबोर्डपेक्षा वेगळं असतं, आणि ते पान कुणाचा आकडा दाखवतंय हे कळत नाही. `M115` ला उत्तर मेनबोर्डच देतो.

## समोरचे पर्याय

इथे ऑपरेटरपुढे चार वाटा होत्या.

पहिली, फॉर्म भरून नवा प्रोब मागवायचा. फुकट मिळत असल्याने मोह होता. पण प्रोब येईपर्यंत काम थांबलं असतं, आणि नवा प्रोब बसवताना त्याची उंची बदलून ऑफसेट पुन्हा लावावा लागला असता. एका अनुत्तरित प्रश्नात आणखी एक बदल मिसळला असता.

दुसरी, फाइलचं नाव बदलून या वेळी खरोखर जुन्या आवृत्तीवर जायचं. ही वाट खात्रीची होती, पण ईईप्रॉमची मांडणी पुन्हा जुळली नसती, म्हणजे रीसेट, ऑफसेट आणि स्टेप्स सगळं परत. शिवाय जुनी आवृत्ती चालली तरी ‘नव्यात काहीतरी बदललंय’ एवढंच कळलं असतं. काय, ते नाही.

तिसरी, दर प्रिंटआधी पूर्ण लेव्हलिंग चालवायचं, म्हणजे प्रत्येक प्रिंटच्या सुरुवातीला चालणाऱ्या स्टार्ट कोडमध्ये होमिंगच्या `G28` नंतर लेव्हलिंगचं `G29` लिहायचं. हे चाललं असतं, आणि का चाललं असतं यातच दोषाचं उत्तर दडलेलं होतं. पण दर वेळी काही मिनिटं जातात, आणि आतला दोष झाकला जातो.

चौथी, नव्या आवृत्तीवरच राहून दोष मोजणीत आहे की वापरात, एवढं वेगळं करायचं आणि त्या पुराव्यानिशी दुसरा मेल लिहायचा. ऑपरेटरनी ही निवडली. निर्णय योग्य होता, असं आमचं मत. दुसरी वाट राखून ठेवता येत होती. पण आधी मागे गेलं, की नव्या आवृत्तीतला पुरावा गोळा करायला पुन्हा पुढे यावं लागलं असतं.

## तपासणी: मोजणी आणि वापर वेगळे करणं

मोजणी आधी तपासली. बेड नेहमीच्या तापमानाला आणून `G28` आणि मग `M48 P10` दिलं. ही आज्ञा प्रोबला एकाच जागी दहा वेळा टेकवते आणि मोजमापांचं प्रमाण विचलन सांगते. उत्तर ०.००३ मिमी आलं. अशा प्रोबसाठी ०.०१ च्या आतलं काहीही चांगलंच. ही आज्ञा फर्मवेअरच्या प्रत्येक बिल्डमध्ये असतेच असं नाही. नसेल तर लेव्हलिंग दोनदा चालवून दोन्ही मेश शेजारी ठेवल्या तरी भागतं.

मग `G29`, सेव्ह करण्यासाठी `M500` आणि मेश पाहण्यासाठी `M420 V`:

```
Bilinear Leveling Grid:
       0      1      2
 0 +0.114 +0.047 -0.032
 1 +0.061 +0.008 -0.071
 2 +0.009 -0.052 -0.158
echo:Bed Leveling ON
```

या प्रकारच्या मेशमध्ये शून्य क्रमांकाची ओळ बेडच्या पुढच्या कडेची असते, म्हणजे तक्ता बेडच्या चित्रासारखा वाचला तर पुढचं-मागचं उलटं होतं. नीट वाचला तर तो नासलेल्या प्रिंटशी तंतोतंत जुळत होता. समोरचा डावा कोपरा ०.११४ मिमी उंच, तिथेच प्लास्टिक चिरडलं होतं. मागचा उजवा ०.१५८ मिमी खोल, तिथे धागे सुटले होते. प्रोबला बेडचा वाकडेपणा अचूक कळला होता. प्रोब बदलण्याचा प्रश्न इथे मिटला.

खोल कोपऱ्यात धागा का चिकटत नाही, याचा हिशेब सोपा आहे. ०.४ मिमी रुंद आणि ०.२ मिमी जाड रेघेचा छेद सुमारे ०.०८ चौरस मिमी. तेवढंच प्लास्टिक दाबलं न जाता गोल धागा म्हणून पडलं, तर त्याचा व्यास ०.३२ मिमीच्या आसपास येतो. त्या कोपऱ्यात मेश लागू नसेल, तर नोझल आणि बेडमधली फट ०.२ + ०.१५८, म्हणजे जवळपास ०.३६ मिमी. धागा बेडपर्यंत दाबलाच जात नाही. नोझलखाली लोंबकळतो आणि वळणावर ओढला जातो.

आता वापराची तपासणी. पुन्हा फक्त `G28` दिलं आणि लगेच `M420 V`. मेश तीच, शेवटची ओळ मात्र बदलली:

```
echo:Bed Leveling OFF
```

मार्लिनमध्ये `G28` म्हणजे होमिंग, प्रत्येक अक्षाची शून्य जागा शोधणं. होमिंग झालं की लेव्हलिंग बंद राहतं, हे त्या फर्मवेअरचं मूळ वर्तन आहे, दोष नाही. ते आपोआप सुरू राहावं यासाठी बिल्ड तयार करतानाच एक पर्याय चालू करावा लागतो. तो नसेल, तर होमिंगनंतर `M420 S1` देऊन लेव्हलिंग सुरू करायचं. कार्यालयातल्या स्लायसरच्या स्टार्ट कोडमध्ये फक्त `G28` होतं. जुन्या बिल्डमध्ये तेवढं पुरत होतं. मेनूतून लेव्हलिंग केलं की ते चालू होई. प्रिंट सुरू होताच स्टार्ट कोडमधलं `G28` ते बंद करी. लेव्हलिंग कितीदाही केलं तरी फरक का पडत नव्हता आणि `G29` स्टार्ट कोडमध्ये घातलं असतं तर का पडला असता, दोन्ही इथे उलगडलं: `G29` होमिंगच्या नंतर येतं आणि संपताना लेव्हलिंग चालू ठेवतं.

स्क्रीनवरचा एक शब्द पुरावा म्हणून पुरेसा होता, पण ऑपरेटरनी तो प्रत्यक्ष हालचालीत पडताळला. झेडच्या स्क्रूवरच्या कपलरवर मार्करने एक रेघ ओढली आणि मेशच्या दोन टोकांमध्ये नोझल नेलं:

```
G28
M420 S0
G1 Z1 F600
G1 X30 Y30 F6000
M400
M114
G1 X170 Y190 F3000
M400
M114
```

नंतर दुसऱ्या ओळीत `M420 S1` ठेवून हेच पुन्हा. उंची १ मिमी घेण्याला कारण आहे. या मशीनवर फेड हाइट १० मिमी होती, म्हणजे जसजसं वर जावं तसतशी दुरुस्ती कमी होत १० मिमीला शून्य होते. १ मिमीवर ती ९० टक्के शिल्लक असते. ५ मिमीवर ही चाचणी केली तर निम्मीच दिसते आणि माणूस गोंधळतो.

दोन कोपऱ्यांतला फरक ०.२७२ मिमी, त्याचे ९० टक्के ०.२४५. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा, म्हणून कपलर सुमारे ११ अंश फिरायला हवा. `S0` असताना रेघ जागची हलली नाही. `S1` असताना नोझल तिरपं सरकत गेलं तशी रेघही हळूच कलली, डोळ्यांनी स्पष्ट दिसेल इतकी. नोझलची जागा सांगणाऱ्या `M114` मधले `Count` नंतरचे झेडचे आकडेही तेच सांगत होते. ४०० स्टेप्स प्रति मिमी धरल्यास `S0` ला दोन्ही ठिकाणी ४००. `S1` ला समोर ४४१ आणि मागे ३४३. सुरुवातीचा `Z:1.00` मात्र चारही वेळा तसाच. स्क्रीनवर हाच आकडा दिसतो, म्हणूनच स्क्रीन पाहून लेव्हलिंग लागू आहे का ते कळत नाही.

शेवटी एक छोटा प्रिंट: मेशच्या चार टोकांना आणि मध्यभागी ३० मिमीचे पाच चौकोन, एकच थर, ०.२ मिमी. एकदा जुन्या स्टार्ट कोडने, एकदा `G28` खाली `M420 S1` घालून.

## दुसरा मेल

> विषय: नव्या आवृत्तीत `G28` नंतर लेव्हलिंग बंद राहतं, मेश बरोबर, लागू होत नाही (मशीन क्रमांक जोडला आहे)
>
> नमस्कार,
>
> आधीच्या मेलमधली एक माहिती चुकीची होती, ती प्रथम दुरुस्त करतो. ‘जुना फर्मवेअर टाकूनही दोष राहतो’ असं कळवलं होतं. `M115` नुसार तो फर्मवेअर बोर्डवर गेलाच नव्हता. दोन्ही फाइलींचं नाव एकच असल्याने बूटलोडरने ती सोडून दिली असावी. म्हणून नवा प्रोब तूर्त पाठवू नये.
>
> लक्षण: अपडेटनंतर समोरच्या डाव्या कोपऱ्यात पहिला थर चिरडतो, मागच्या उजव्या कोपऱ्यात चिकटत नाही. अपडेटआधी याच बेडवर, याच स्टार्ट कोडने थर सारखा येत होता. स्टार्ट कोडमध्ये `G28` आहे. `G29` किंवा `M420` नाही.
>
> केलेल्या गोष्टी आणि त्यांतून काय दिसलं:
>
> रीसेट व ऑफसेट: अपडेटनंतर झेड ऑफसेट ० झाला होता. `M502`, `M500`, नंतर −२.३५ लावून सेव्ह केला. `M503` मध्ये तो दिसतो. मध्यभागी थर नीट येतो, म्हणजे हा भाग सुटला आहे.
>
> प्रोब: `M48 P10` चं प्रमाण विचलन ०.००३. मेश सोबत जोडली आहे. तिच्यातले उंच-खोल कोपरे प्रिंटमधल्या दोषाशी जुळतात.
>
> लेव्हलिंगची स्थिती: `G29` नंतर `M420 V` ‘ON’ सांगतं. त्यानंतर फक्त `G28` दिलं की ‘OFF’. प्रिंटर बंद-चालू करूनही हेच.
>
> झेडची हालचाल: `Z1` वर X30 Y30 ते X170 Y190. लेव्हलिंग बंद असताना झेडचे स्टेप्स ४०० आणि ४००, `M420 S1` नंतर ४४१ आणि ३४३. दोन्ही लॉग जोडले आहेत.
>
> प्रिंट: एका थराचे चौकोन, कॅलिपरने मोजलेली जाडी. फक्त `G28`: समोर डावीकडे ०.१०, मध्ये ०.१९, मागे उजवीकडे ०.३१ (सुटे धागे). `G28` आणि `M420 S1`: ०.२०, ०.१९, ०.२१. फोटो जोडला आहे.
>
> न केलेल्या गोष्टी: जुन्या आवृत्तीवर खरोखर परत गेलेलो नाही. प्रोबची वायर अपडेटनंतर बदललेली नाही.
>
> विचारायचं ते एवढंच: नव्या बिल्डमध्ये होमिंगनंतर लेव्हलिंग आपोआप सुरू करणारा पर्याय बंद आहे का? तो जाणीवपूर्वक बंद असेल, तर स्टार्ट कोडमध्ये `M420 S1` कायमचं ठेवू. नसेल, तर दुरुस्त फाइल मिळेल का?

या मेलमधल्या काही गोष्टींवर थांबायला हवं. जुनी चुकीची माहिती सगळ्यात वर आहे. ती शेवटी किंवा मध्ये असती, तर सपोर्टचा माणूस आधीच्याच निष्कर्षाच्या चष्म्यातून बाकीचं वाचत गेला असता. प्रत्येक केलेल्या गोष्टीपुढे काय दिसलं ते आहे. पहिल्या मेलमधलं ‘रीसेट केलं’ आणि इथलं ‘रीसेट केल्यावर मध्यभागी थर नीट येतो’ यांत बराच फरक आहे. दुसऱ्या वाक्याने दोषाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला. न केलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत, म्हणजे सपोर्टला अंदाज बांधावे लागत नाहीत. आणि शेवटचा प्रश्न हो किंवा नाही असा सुटतो. बिल्ड तयार करणाऱ्याला आपली कॉन्फिगरेशन फाइल उघडून एक ओळ पाहायची, बस्स.

बेड पुसल्याचा उल्लेख दुसऱ्या मेलमधून गेला, हेही बरं झालं. मळलेल्या बेडवर थर चिकटत नाही हे खरं, पण मळ समोरचा कोपरा चिरडत नाही.

कॅलिपरच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. साधा डिजिटल कॅलिपर ०.०१ दाखवत असला, तरी एका थराच्या पातळ पापुद्र्यावर ०.०२ इकडेतिकडे होतंच. ०.१० आणि ०.३१ यांतला फरक त्यापेक्षा खूप मोठा असल्याने तो इथे पुरावा ठरतो. ०.१९ आणि ०.२१ वरून मात्र काही सिद्ध करायला जाऊ नये.

## निकाल

सपोर्टचं उत्तर या वेळी थेट होतं. नव्या बिल्डमध्ये `ENABLE_LEVELING_AFTER_G28` हा पर्याय चालू करायचा राहून गेला होता. दुरुस्त फाइल तयार करतो, तोवर `M420 S1` वापरा.

तात्पुरता उपाय स्टार्ट कोडमध्ये असा बसला:

```
M190 S60
G28
M420 S1
```

ओळींचा क्रम इथे सगळं ठरवतो. `M420 S1` जर `G28` च्या आधी लिहिलं, तर होमिंग ते लगेच बंद करतं आणि उपाय फसला असं वाटतं. नोझल साफ करण्यासाठी कडेला जी रेघ मारली जाते, तीही याच्या नंतर यावी. सेव्ह केलेली मेश नसेल तर ही आज्ञा `Failed to enable Bed Leveling` अशी एरर देते, म्हणून आधी एकदा `G29` आणि `M500` झालेलं हवं.

उपायाची मर्यादा दोनच दिवसांत दिसली. ऑपरेटरच्या संगणकावरचा स्लायसर दुरुस्त झाला होता, इतरांचे नव्हते, आणि कार्डवर आधी स्लाइस केलेल्या फाइली पडून होत्या. त्यातली एक कुणीतरी लावली आणि कोपरा पुन्हा चिरडला. स्टार्ट कोड स्लाइस करतानाच फाइलीत उतरतो. स्लायसरमध्ये नंतर केलेली दुरुस्ती जुन्या फाइलीपर्यंत पोचत नाही. कार्ड रिकामं करून सगळ्यांना एकच प्रोफाइल दिल्यावर हे थांबलं.

दुरुस्त फाइल आल्यावर ती वेगळ्या नावाने कार्डवर टाकली, `M115` ने आवृत्ती पाहिली, `M503` चा मजकूर आधीच्याशी ताडला. मग प्रिंटर पूर्ण बंद करून सुरू केला, `G28` दिलं आणि `M420 V` पाहिलं: ‘ON’. बंद-चालू करून पाहणं गरजेचं होतं, कारण मार्लिनमध्ये मिळतेजुळते दोन पर्याय आहेत. `RESTORE_LEVELING_AFTER_G28` होमिंगआधी जी स्थिती होती तीच परत आणतो; आधी बंद असेल तर बंदच. `ENABLE_LEVELING_AFTER_G28` आधीचं काही न पाहता चालू करतो. `G29` नंतर लगेच तपासलं तर दोन्ही सारखेच वाटतात.

## वेगळं काय करता आलं असतं

अपडेटच्या आधी `M503` चा सगळा मजकूर एका फाइलीत जपून ठेवला असता, तर पहिला दोष दहा मिनिटांत संपला असता. ऑफसेट, एक्स्ट्रूडरचे स्टेप्स, पीआयडीचे आकडे सगळे त्यात असतात आणि त्याच आज्ञा परत देता येतात. इथे स्टेप्स ९७.२ वरून ९३ वर गेल्याचं बऱ्याच उशिरा, भिंती पातळ यायला लागल्यावर लक्षात आलं. सुमारे चार टक्के कमी प्लास्टिक. डोळ्यांना चटकन न दिसणारं, पण जोडाच्या भागांत जाणवणारं. वरच्या चौकोनांच्या चाचणीवर त्याचा परिणाम फारसा झाला नाही. मध्यभागी ०.२ च्या जागी ०.१९ दिसलं ते कदाचित त्यामुळेही असेल, पण कॅलिपर तेवढा बारीक फरक सिद्ध करू शकत नाही.

फॅक्टरी रीसेट ऑपरेटरनी लगेच केलं. ईईप्रॉमची मांडणी बदलली असेल तेव्हा ते करावंच लागतं, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. फक्त रीसेटच्या आधी `M503` आणि सुरू होतानाचा टर्मिनलवरचा मजकूर टिपायला हवा होता. ‘EEPROM version mismatch’ अशी ओळ तिथे येते, आणि ती पहिल्याच मेलमध्ये असती तर सपोर्टला अपडेटचा परिणाम नजरेआड करता आला नसता.

सपोर्टच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. जुन्या आवृत्तीवर परत गेल्याचा दावा त्यांनी तपासल्याशिवाय मान्य केला. त्यांच्या फॉर्ममध्ये आवृत्तीचा रकाना होता, पण तो प्रोब पाठवण्याच्या टप्प्यावर. तोच प्रश्न, `M115` चं उत्तर जसंच्या तसं चिकटवा अशा शब्दांत, पहिल्या उत्तरात विचारला असता तर प्रोबचा विषय निघालाच नसता.

जुन्या आवृत्तीवर खरोखर परत जायची वेळ पुढे कधी आली, तर ऑपरेटरनी आता फाइलींची नावं आवृत्तीनुसार ठेवली आहेत आणि प्रत्येक फाइलीशेजारी त्या आवृत्तीचा `M503` आहे. स्टार्ट कोडमधली `M420 S1` ही ओळ दुरुस्त फाइल आल्यावरही काढलेली नाही. लेव्हलिंग आधीच चालू असताना ती दिली तरी काही बिघडत नाही, आणि पुढच्या एखाद्या बिल्डमध्ये तो पर्याय पुन्हा राहून गेला तरी पहिला थर सांभाळला जातो.